‘खेळात चांगली प्रगती’च्या पुढे: शारीरिक शिक्षणाची वर्णनात्मक नोंद कशी लिहावी

काही वर्षांपूर्वी पहिल्या सत्राच्या पालकसभेत एका वडिलांनी मुलाचं प्रगतीपत्रक माझ्यासमोर धरलं आणि शारीरिक शिक्षणाच्या रकान्यातलं वाक्य मोठ्यानं वाचलं: ‘वजन जास्त असल्याने धावण्यात मागे पडतो. सराव करावा.’ वाचून झाल्यावर शांतपणे म्हणाले, “हे आम्हाला माहितीय, बाई. चार महिन्यांत तुम्ही त्याला काय शिकवलं, ते यात कुठंय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या मुलाला मी खो-खो शिकवला होता, तो बऱ्यापैकी शिकलाही होता, पण लिहिताना मला त्याचं फक्त शरीर आठवलं. त्यानंतर नोंदी लिहायची माझी पद्धत हळूहळू बदलली. ती इथं मांडते आहे. उदाहरण सहावीच्या एका वर्गाचं आणि खो-खोच्या एकाच घटकाचं घेते. कबड्डी, लेझीम किंवा सूर्यनमस्काराला तीच रीत लावता येते. मुलांची नावं बदललेली आहेत.

## आधी रकाना समजून घेऊ

आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांना सत्राच्या शेवटी संकलित परीक्षा नाही. श्रेणी येते ती आकारिक मूल्यमापनातून, म्हणजे सत्रभर मैदानावर जे पाहिलं त्यातून. अ-१ की ब-२ हे श्रेणीचा रकाना सांगतोच. वर्णनात्मक नोंदीत ‘उत्कृष्ट’, ‘चांगले’, ‘समाधानकारक’ असं लिहिलं तर तीच श्रेणी आपण अक्षरांत पुन्हा लिहिलेली असते.

बहुतेक प्रगतीपत्रकांत नोंदींसाठी तीन जागा असतात: विशेष प्रगती, आवड किंवा छंद, आणि सुधारणा आवश्यक. यातला मधला रकाना भरणं सोपं, म्हणून आपण तिथं ‘खेळाची आवड आहे’ लिहून मोकळे होतो. खरं काम पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यात आहे. मूल काय करायला शिकलं आणि आता नेमकं काय शिकायचं, हे तिथं सांगायचं असतं.

दरवर्षी ऑक्टोबरात आणि एप्रिलात शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तयार नोंदींच्या पीडीएफ फिरतात. मीही वापरल्यात. ‘खेळात उत्साहाने सहभाग घेतो’, ‘खिलाडूवृत्ती दिसून येते’, ‘व्यायामाचे महत्त्व जाणतो’. त्यात चूक असं काही नाही, फक्त ती वाक्यं कुठल्याही मुलाला चालतात. एका घरात तिसरी आणि सहावीतली दोन भावंडं असली आणि दोघांच्या पत्रकावर तेच वाक्य आलं, की आईच्या लगेच लक्षात येतं. शिवाय मुलांची यादी मुलींना चिकटवताना क्रियापदं तशीच राहतात आणि ‘ती उत्साहाने खेळतो’ छापून घरी जातं. ते कुणी विसरत नाही.

## पहिली पायरी: निष्पत्ती डोळ्यांना दिसेल एवढी लहान करा

अभ्यासक्रमातल्या अध्ययन निष्पत्ती मोठ्या शब्दांत असतात. नियमांचं पालन करून सांघिक खेळ खेळणं, हालचालींत समन्वय साधणं, सहकार्याची भावना दाखवणं, अशा. मैदानाच्या कडेला उभं राहून ‘समन्वय’ दिसत नाही. म्हणून घटक सुरू होण्याआधीच मी प्रत्येक निष्पत्ती एका दिसणाऱ्या कृतीवर आणते आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते. खो-खोसाठी माझ्या चार ओळी अशा:

एक, खो देताना पाठीमागून हात लागणं आणि ‘खो’ हा शब्द एकदमच येणं.

दोन, चौकोनात बसलेलं असताना खो मिळेपर्यंत न उठणं, आणि उठल्यावर मधली पाटी न ओलांडता आपल्याच बाजूला निघणं.

तीन, पळणारा निसटला की पाठलाग लांबवत न बसता योग्य जागी बसलेल्या गड्याला खो देणं.

चार, आपली किंवा दुसऱ्याची चूक ओळखून सांगणं, आणि पंचाचं काम मिळालं तर ती चूक नियमासह सांगता येणं.

यात ‘जोरात पळणं’ कुठंच नाही, आणि ते मुद्दाम आहे. सहावीच्या एकाच वर्गात जवळजवळ एका वर्षाच्या अंतरानं जन्मलेली मुलं असतात. अकरा-बारा वर्षांच्या वयात कुणाची उंची भराभर वाढायला लागलेली असते, कुणाची अजून सुरूही झालेली नसते. साधारणपणे मुलींची वाढ आधी सुरू होते. तेव्हा जूनमध्ये जो सगळ्यांत पुढे पळतो तो बऱ्याचदा सगळ्यांत आधी वाढलेला असतो. त्याच्या पत्रकात ‘अतिशय चपळ’ लिहिलं तर त्याच्या जन्मतारखेचं कौतुक केल्यासारखं होतं. हात आणि शब्द एकत्र येणं मात्र कुणाच्याच अंगी उपजत नसतं. ते मूल शिकतं, आपण शिकवतो, आणि म्हणूनच त्याबद्दल लिहिता येतं.

चारच ओळी का? मी एके वर्षी अकरा केल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात वही बंद पडली.

## दुसरी पायरी: नोंद मैदानावरच करा

हा सगळ्यांत मोठा भाग आहे, कारण नोंद चांगली होते की वाईट, हे लिहायला बसण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. सत्राच्या शेवटी आठवणीतून लिहायला बसलं की वर्गातली दहा मुलं आठवतात: पाच पुढची, पाच त्रास देणारी. उरलेल्या छत्तीस जणांना ‘सहभाग घेतो’ मिळतं.

माझ्या वर्गात ४६ मुलं आणि आठवड्याला दोन तास. एका तासात सगळ्यांकडे बघणं शक्य नाही, आणि तसा प्रयत्न केला तर शिकवणंच थांबतं. म्हणून मी एका तासाला पाचच मुलं निवडते, हजेरीच्या क्रमानं. त्या तासापुरती माझी नजर त्यांच्यावर. दहा तासांत, म्हणजे साधारण पाच आठवड्यांत, वर्गाची एक फेरी पूर्ण होते. पहिल्या सत्रात कागदावर तीसेक तास दिसतात. पाऊस, गणपती, सहामाही आणि ‘बाई, आज गणिताला तास द्या’ हे सगळं वजा केलं की बावीस-तेवीस हातात राहतात. म्हणजे प्रत्येक मूल दोनदा नीट बघून होतं. एकदा सुरुवातीला, एकदा शेवटाकडे. आपल्याला लागतं तेवढंच, कारण बदल लिहायचा तर दोन टोकं हवीत.

वही साधी, खिशात मावणारी. दर मुलाला एक पान. नोंदीत विशेषण नाही, फक्त तारीख, काय केलं आणि किती वेळा. पुढे एक अक्षर: सरावात पाहिलं तर ‘स’, खेळात पाहिलं तर ‘खे’. हे अक्षर विसरू नका. रांगेत बसवून एकेकाला खो द्यायला लावलं तर जवळजवळ सगळी मुलं बरोबर देतात. डाव सुरू झाला, पळणारा दोन हातांवर आला, आजूबाजूनं ओरडा सुरू झाला, की तेच मूल शब्द आधी फेकतं आणि हात नंतर लावतं. सरावातलं बरोबर हे अर्धंच शिकणं असतं. पत्रकात ‘शिकली’ असं लिहायचं तर ‘खे’च्या पुढची नोंद हवी.

सतरा नंबरच्या सईचं पान असं होतं:

> ९ जुलै, खे. ६ खो दिले, ४ वेळा शब्द आधी. एकदा खो न मिळता उठली.
> २३ जुलै, स (पाऊस, व्हरांड्यात). ८ पैकी ८ बरोबर.
> ३ सप्टें., खे. ७ खो, शब्द आधी १. शेजारी बसलेलीला: “थांब, हात लागू दे.”
> खांबाजवळ जाऊन मग खो कुणाला ते शोधते.

एवढंच. पाच मुलांचं असं लिहायला तास संपल्यावर चार मिनिटं लागतात. तास चालू असताना लिहू नका. मी बोटांवर मोजते आणि शिट्टी वाजवून मुलांना पाणी प्यायला सोडलं की लगेच उतरवते. पुढच्या तासाची घंटा होईपर्यंत थांबलं तर सहा खो होते की आठ, ते आठवत नाही.

मुलांनी उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. सईचं “थांब, हात लागू दे” हे वाक्य मला सहकार्य या निष्पत्तीबद्दल जेवढं सांगतं तेवढं कुठलीही गुणपट्टी सांगत नाही. तिनं नियम समजून घेतलाय, तो दुसरीला सांगितलाय, आणि तोही न रागावता.

सत्राच्या मध्यावर मी आणखी एक गोष्ट करते. कोऱ्या कागदावर हजेरी न बघता वर्गातल्या मुलांची नावं आठवतील तशी लिहिते. साधारण पस्तीसाव्या नावाला हात अडखळतो. जी दहा-अकरा राहतात, ती शांत, मधली, कुठल्याच टोकाची नसलेली मुलं असतात. पुढच्या दोन तासांची यादी तीच.

## तिसरी पायरी: पानावरून वाक्याकडे

लिहायला बसताना वही उघडी ठेवून मी तीन प्रश्न त्याच क्रमानं विचारते. कोणत्या कृतीत बदल झाला? आधी काय व्हायचं आणि आता काय होतं? यापुढची सगळ्यांत जवळची पायरी कोणती? सईच्या पानावरून पहिला खर्डा असा आला:

> खो-खोमध्ये खो देताना हात आणि ‘खो’ हा शब्द एकाच वेळी येण्याचा सईने नेटाने सराव केला. जुलैत बहुतेक वेळा शब्द आधी निघायचा, आता डावातही क्वचितच चूक होते. शेजारच्या खेळाडूलाही ती हात लागेपर्यंत थांबण्याची आठवण करून देते. पुढे, खांबाजवळ पोहोचण्याआधीच खो कुणाला द्यायचा हे ठरवण्याचा सराव करावा.

चांगलं आहे, पण रकान्यात मावत नाही. आमच्या पत्रकात दोन ओळी असतात, म्हणजे वीस-पंचवीस शब्द. तेव्हा कापाकापी. कापताना आधी विशेषणं आणि क्रियाविशेषणं जातात, मग प्रस्तावना. कृती आणि बदल शेवटपर्यंत ठेवायचे.

विशेष प्रगती:
> खो-खोच्या डावात हात व शब्द एकत्र येईल असा बिनचूक खो आता बहुतेक वेळा देते. जुलैत शब्द आधी यायचा. सोबतच्यांनाही नियमाची आठवण करून देते.

सुधारणा आवश्यक:
> खांबाजवळ पोहोचण्याआधीच खो कुणाला द्यायचा हे ठरवण्याचा सराव करावा.

आकडे मी वहीत ठेवते, पत्रकात आणत नाही. ‘७ पैकी ६’ लिहिलं की पालक लगेच विचारतात, शेजारच्या मुलीचे किती? शिवाय एका डावात किती खो वाट्याला येतात हे समोरचा गडी कसा पळतो यावरही ठरतं. सहा आणि सात यांची टक्केवारी काढून तुलना करण्याइतकी ती मोजणी नेमकी नसते. ‘बहुतेक वेळा’, ‘क्वचित’, ‘अजून अर्ध्या वेळा’ एवढं पुरतं. पालकांनी विचारलंच तर वही दाखवता येते, आणि तिचा खरा उपयोग तिथं होतो.

## वेगवान मुलाची नोंद जास्त अवघड

आपल्याला वाटतं मागे पडणाऱ्या मुलाचं लिहिणं कठीण. माझा अनुभव उलटा. आदित्य वर्गात सगळ्यांत जोरात पळतो, तालुक्याच्या संघात जाईल असा आहे. त्याच्या नोंदीला माझा हात आपोआप ‘उत्तम धावपटू, शाळेचे नाव उज्ज्वल करेल’कडे जायचा. आता त्याचं पान बघा:

> १६ जुलै, खे. पाठलाग लांबवतो, खो फक्त २. मधली पाटी ३ वेळा ओलांडली. “मीच धरतो, बस तू.”
> १० सप्टें., खे. खो ५. पाटी १. पळणारा निसटल्यावर लगेच खो, दोनदा.

जुलैत आदित्य एकटाच खेळत होता. वेग होता म्हणून गडी बाद होत होते, पण बाकीचे आठ जण चौकोनांत नुसते बसून होते. सप्टेंबरपर्यंत तो खो-खो शिकायला लागला. हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना कळायला हवं, नाहीतर त्यांना वाटेल की सगळं आधीपासून येतच होतं.

> पळणारा निसटल्यावर एकट्याने पाठलाग न लांबवता सोबत्याला खो देऊन खेळ पुढे नेऊ लागला आहे. मधली पाटी ओलांडण्याची चूक बरीच कमी झाली.

> खो देण्याआधी समोरचा गडी कोणत्या बाजूला वळेल याचा अंदाज घेऊन खेळाडू निवडावा.

‘वेगवान’ हा शब्द यात नाही. आदित्यच्या आईला तो जोरात पळतो हे माहीत आहे, तसंच पहिल्या मुलाच्या वडिलांना त्याचं वजन माहीत होतं.

त्या पहिल्या मुलाची नोंद मी नंतर, दुसऱ्या सत्रात, अशी लिहिली होती: ‘चौकोनात बसताना टाचा उचललेल्या ठेवतो, त्यामुळे खो मिळताच पहिले पाऊल योग्य दिशेला पडते. खो न मिळता उठण्याची चूक आता करत नाही.’ पळण्याबद्दल एक शब्द नाही, आणि खोटंही काही नाही. वर्गात पहिलं पाऊल सगळ्यांत नीट टाकणाऱ्यांमध्ये तो होता. हे मला आधीच्या सत्रात दिसलं नव्हतं, कारण मी फक्त शर्यतीचा शेवट बघत होते.

इथं एक सावधगिरी. जड अंगाच्या किंवा लाजऱ्या मुलाला पंच किंवा गुणलेखक करून ‘नियमांचे उत्तम ज्ञान’ लिहून टाकण्याचा मोह होतो. पंचगिरी ही माझ्या चौथ्या ओळीतली निष्पत्ती आहे, पण ती सगळ्या वर्गाला पाळीपाळीनं मिळायला हवी. तेच ते मूल दर तासाला शिट्टी घेऊन उभं असेल, तर त्याला खेळायला मिळालंच नाही, एवढाच त्या नोंदीचा अर्थ.

## उत्तेजन द्यायचं, तेही खोटं न बोलता

‘पण’ हा शब्द मी नोंदींतून काढून टाकला. ‘चांगली खेळते, पण लक्ष देत नाही.’ वाचणारा ‘पण’च्या आधीचं विसरतो. पूर्णविराम द्या आणि पुढची पायरी स्वतंत्र वाक्यात, तिच्या रकान्यात लिहा.

दुसरा शब्द ‘प्रयत्न’. ‘अधिक प्रयत्न करावेत’ हे वाचून सहावीतल्या मुलानं घरी जाऊन नेमकं काय करायचं? नोंदीतली पुढची पायरी अशी असावी की आई अंगणात म्हणू शकेल, “दाखव बरं.” ‘टाचा उचलून बसण्याचा सराव’ दाखवता येतो. ‘एकाग्रता वाढवावी’ दाखवता येत नाही.

स्वभावावर शिक्के मारू नयेत: आळशी, भित्रा, भांडखोर, नाजूक. मूल भांडलं असेल तर कशावरून, आणि नंतर काय झालं, ते वहीत असतंच. एका मुलाबद्दल मी लिहिलं होतं, ‘बाद दिल्यावर पंचाशी वाद न घालता डावानंतर शंका विचारू लागला आहे.’ जूनमधली त्याची भांडणं आठवली तर ही मोठी प्रगती होती, आणि ‘भांडखोर’ हा शब्द कुठंही न वापरता ती सांगता आली. ‘मुलगी असूनही’ हे शब्द तर कागदावर येताच कामा नयेत. आमच्या भागात अजूनही येतात, म्हणून सांगते.

बदल झालाच नसेल तर? तोही प्रश्न येतो. दोन्ही टोकांना तीच चूक असेल, तर ‘विशेष प्रगती’त दुसरी एखादी ओळ शोधते. चारांपैकी एकीत तरी काहीतरी हललेलं असतं. आणि ‘सुधारणा’त अडलेली गोष्ट स्पष्ट लिहिते: ‘खो मिळण्याआधी उठण्याची चूक अजून होते, दुसऱ्या सत्रात आधी यावरच भर देऊ.’ शेवटचं ‘देऊ’ मुद्दाम आहे. शिकवण्याची अर्धी जबाबदारी माझी आहे. वर्गातल्या वीस मुलांची तीच चूक कायम असेल, तर ती नोंद मुलांच्या पत्रकात लिहायची नसते. माझ्या पाठाच्या टाचणात लिहायची.

चाचणीचे आकडे या रकान्यात आणू नका. ५० मीटर धाव, ६०० मीटर, बसून पुढे वाकणं, उंची-वजन याच्या नोंदी आपण घेतो, त्यांना त्यांचा तक्ता आहे. त्या शरीराची आजची स्थिती सांगतात. त्यातल्या वजनावर काही बोलायचं असेल तर पालकांशी एकांतात बोलावं. वर्गात हातोहात फिरणारा कागद ती जागा नव्हे.

## आजारी, अपंग आणि अर्ध्या वर्षाची मुलं

दमा असलेल्या मुलीच्या नोंदीत ‘दमा’ हा शब्द नको. तिच्यासाठी खेळ कसा बदलला होता, तेवढं मला माहीत असलं की पुरे. तिचे पळण्याचे डाव मी लहान ठेवले, मध्ये विसावा दिला, निष्पत्ती तीच ठेवली. नोंद: ‘लहान डावांत पळताना बसलेल्या खेळाडूंच्या मधून दिशा बदलून निसटते. दम लागण्याआधी स्वतः थांबून सांगते.’ हे दुसरं वाक्य तिच्या बाबतीत खरं शिक्षण आहे. पायानं अधू असलेल्या मुलाचंही तसंच. निष्पत्ती त्याला झेपेल अशा कृतीवर आणायची ती घटकाच्या सुरुवातीला. ऑक्टोबरात नोंद लिहिताना ‘अपंग असूनही सहभाग’ म्हणून वेळ मारून नेऊ नये.

आमच्या बीड जिल्ह्यात आणखी एक गट असतो. दिवाळीच्या सुमारास आई-वडील कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात आणि काही मुलंही जातात. ती परत येतात तेव्हा दुसरं सत्र संपत आलेलं असतं. अशा मुलाच्या एप्रिलच्या पत्रकात ‘गैरहजर असल्याने प्रगती नाही’ असं लिहिणं म्हणजे त्याच्या नशिबाचा त्यालाच दोष देणं. मी जेवढं पाहिलं तेवढंच लिहिते, महिन्यासह: ‘नोव्हेंबरपर्यंत खो-खोतील चारपैकी तीन कौशल्ये डावात बिनचूक करत होता. जूनमध्ये पाठलागापासून पुढे सुरू करू.’ ज्याचं काहीच पाहिलेलं नाही त्याचं अंदाजानं लिहू नये. त्यासाठीच ही मुलं निघण्याआधी, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, यादीत वर घ्यावीत.

## लिहिण्याचा वेळ आणि तपासणी

४६ नोंदी एका बैठकीत लिहू नका. मी रोज सहा-सात लिहिते, आठवडाभर. एका रात्रीत लिहायला बसलं की बाराव्या मुलानंतर वाक्यं एकमेकांसारखी व्हायला लागतात आणि शेवटच्या दहांना पुन्हा ती पीडीएफच मिळते. हजेरीच्या क्रमानंही लिहीत नाही, नाहीतर शेवटच्या नंबरांची मुलं दरवेळी दमलेल्या हाताला येतात. एका सत्रात वरून सुरुवात, पुढच्यात खालून.

लिहून झाल्यावर दोन तपासण्या. नावावर बोट ठेवून नोंद वाचायची आणि ती कुणाची हे ओळखता येतं का ते बघायचं. सगळ्याच ओळखता येणार नाहीत, कारण बिनचूक खो देणाऱ्या वर्गात दहा मुली असतील. पण पाचपेक्षा जास्त नोंदी अगदी सारख्या निघाल्या तर मी वहीकडे परत जाते. दुसरी तपासणी व्याकरणाची: ती-तो, खेळते-खेळतो, नावाचं स्पेलिंग. मुख्याध्यापकांच्या सहीआधी हे शेजारच्या बाईंना एकदा वाचायला द्यावं, स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

पत्रक देण्याआधी जमलं तर मुलाला त्याचं वाक्य वाचून दाखवा. सईला मी वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “बाई, शब्द आधी यायचा ते जुलैत नाही, ऑगस्टपर्यंत यायचा.” वही पाहिली. माझ्याकडे जुलै आणि सप्टेंबरच्याच नोंदी होत्या, मधलं मी पाहिलंच नव्हतं. ‘जुलैत’ खोडून ‘सुरुवातीला’ केलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटचं काम. प्रत्येकाची ‘सुधारणा आवश्यक’ची ओळ नव्या वहीतल्या त्याच्या पानाच्या डोक्यावर लाल पेननं उतरवायची. अर्धा तास लागतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला मैदानावर चुना मारून झाला की सतरा नंबरच्या पानावर काय बघायचं ते आधीच लिहिलेलं असतं: ‘खांबाआधी ठरवते का?’